कीबोर्डचा उजेड आणि टेबलाचे रंग

रंगीत दिव्यांचा कीबोर्ड पहिल्यांदा चालू केला की बहुतेक वेळा त्यावर डावीकडून उजवीकडे इंद्रधनुष्य धावू लागतं. दुकानातल्या काचेमागे ते छान दिसतं. घरी लाकडी टेबल, भिंतीचा रंग, पडदा, दिवा आणि चार पुस्तकं यांच्यामध्ये तेच इंद्रधनुष्य परकं वाटतं, कारण त्यातले निम्मे रंग त्या खोलीत कुठेच नसतात. काही जण आठवडाभरात कंटाळून दिवे कायमचे बंद करतात. उरलेले टेबलाच्या रंगाचा आकडा शोधून तो कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात आणि चक्रावतात, कारण पडद्यावर नारिंगी दिसणारा रंग कीबोर्डवर पिवळट-हिरवट होऊन येतो.

पुण्यात राहणाऱ्या माझ्या भाचीचं हेच झालं. ती घरून हिशेबाची कामं करते. टेबल जुन्या शिसवी लाकडाचं, गडद तपकिरी. डावीकडे खिडकीला मोरपंखी पडदा. लॅपटॉपशेजारी पितळेची पेनदाणी आणि उजव्या हाताला पिवळसर उजेडाचा टेबललॅम्प. लॅपटॉपच्या कीबोर्डखाली प्रकाशाचे चार पट्टे आहेत, डावीकडून उजवीकडे चार उभे भाग. प्रत्येक भागाला एकच रंग देता येतो आणि शेवटचा भाग आकड्यांच्या कळांवर येतो. तिने फोनवर टेबलाचा फोटो काढला, चित्रांच्या सॉफ्टवेअरमधून लाकडाचा रंग उचलला आणि आलेले तीन आकडे जसेच्या तसे कीबोर्डला दिले: लाल ९२, हिरवा ५८, निळा ३८. कीबोर्ड फिकट, गुलाबीसर पांढरा उजळला. "मामा, पडद्यावर हा तपकिरी आहे, मग कळांवर असा आजारी का दिसतो?" हा तिचा प्रश्न. त्याचं उत्तर समजलं की कुठल्याही टेबलाचं काम सोपं होतं, म्हणून तेच टेबल घेऊन पुढे जाऊ.

पहिली अडचण अशी की तपकिरी रंगाचा दिवा असूच शकत नाही. तपकिरी म्हणजे अंधारलेला नारिंगी. आजूबाजूला त्याहून उजळ काहीतरी असतं, तेव्हाच डोळा त्याला तपकिरी म्हणतो. पडद्यावर भोवती पांढरं पान असतं, टेबलावर भोवती भिंतीचा उजेड असतो. कळेवरचं अक्षर मात्र काळ्या प्लास्टिकमध्ये स्वतः उजळलेलं असतं, त्यामुळे त्याच्या भोवती त्याच्याहून उजळ काहीच नसतं. तिथे तोच रंग नारिंगी दिसणार. राखाडीचंही तसंच, तो मंद पांढरा होतो. काळा म्हणजे दिवा बंद. लाकूड, सिमेंटचा गिलावा, काळी मॅट चटई यांचे रंग कीबोर्डवर उतरवता येत नाहीत. त्यांच्याशी जुळेल असा उजेड शोधावा लागतो. शिसवी लाकडासाठी तो उजेड म्हणजे खोल अंबर रंग, कारण लाकडाच्या तपकिरीचं मूळ नारिंगीतच आहे.

दुसरी अडचण आकड्यांची आहे. पडद्यावरच्या रंगांचे आकडे ० ते २५५ असे असतात, पण १२८ म्हणजे २५५ च्या निम्मा उजेड नव्हे. डोळ्याला मंद उजेडातले फरक जास्त बारकाईने कळतात. पडद्याचे आकडे त्याला अनुसरून वाकवलेले असतात आणि १२८ ला पडदा पूर्ण उजेडाच्या जेमतेम एक पंचमांश उजेड देतो. कीबोर्डखालच्या बऱ्याच एलईडी या वाकवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. त्या सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात आणि १२८ म्हटलं की निम्मा वेळ चालू राहतात, म्हणजे सरळ निम्मा उजेड. त्यामुळे मधल्या सगळ्या आकड्यांना कीबोर्ड हवा त्यापेक्षा दुपटी-तिपटीने जास्त उजेड ओततो. नारिंगीचा नेहमीचा कोड #FFA500 घ्या. त्यात लाल २५५, हिरवा १६५, निळा शून्य. पडदा या १६५ ला हिरव्याचा सुमारे ३८ टक्के उजेड देतो, कीबोर्ड ६५ टक्के देतो. हिरवा इतका वाढला की नारिंगी पिवळ्याकडे सरकणारच. खरा नारिंगी हवा तर कीबोर्डला हिरवा ९६ च्या आसपास सांगावा लागतो.

आपला कीबोर्ड कोणत्या जातीचा आहे हे घरीच तपासता येतं. तिन्ही आकडे २५५ ठेवून पांढरा उजेड लावा, मग तिन्ही १२८ करा. उजेड किंचितच कमी झाल्यासारखा वाटला तर तुमचा कीबोर्ड सरळ हिशेबाचा आहे आणि आकडे तुम्हालाच उतरवावे लागतील. स्पष्टपणे अंधारल्यासारखा वाटला तर बनवणाऱ्याने दुरुस्ती आतच केलेली आहे. भाचीचा लॅपटॉप पहिल्या प्रकारचा निघाला.

तिसरी अडचण थोडक्यात सांगून पुढे जातो. लाल, हिरवी आणि निळी एलईडी समान ताकदीच्या नसतात. स्वस्त कीबोर्डवर तिन्ही २५५ केल्यावर शुभ्र पांढरा येत नाही, निळसर पांढरा येतो. आपल्याकडच्या घरांतल्या पांढऱ्या ट्यूबलाइटचा उजेडही मुळात निळसर असतो. खोक्यावर त्याचं तापमान बहुधा ६५०० केल्व्हिन लिहिलेलं असतं. त्या ट्यूबखाली हा पांढरा खपून जातो. पिवळ्या दिव्याखाली, म्हणजे २७०० ते ३००० केल्व्हिनच्या उजेडात, डोळा दिव्याला सरावलेला असतो आणि तोच पांढरा चक्क निळा वाटतो. साधा पांढरा हवा असेल तर लाल २५५, हिरवा १८० आणि निळा १२० पासून सुरुवात करा. पिवळ्या दिव्याशेजारी बसणार असाल तर हिरवा १३० आणि निळा ५० पर्यंत उतरा. हे आकडे सुरुवातीचे आहेत, शेवटचा शब्द डोळ्याचा.

आता टेबलाकडे. रंग उचलण्यासाठी फोटो रात्री दिव्यात काढू नये. दिवसा खिडकीच्या उजेडात काढावा आणि चौकटीत एक कोरा पांढरा कागद ठेवावा. फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग गरम किंवा थंड करतो. कागदावरच्या बिंदूचे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर फोटोवर विश्वास ठेवता येतो. निळा बराच कमी आला तर फोटो पिवळा पडलाय, पुन्हा काढा. लाकडाचा रंग उचलताना रेषांचा गडद भाग आणि चमक दोन्ही टाळून मधला भाग घ्यावा. भाचीच्या फोटोत तो ९२, ५८, ३८ असा आला होता आणि आकडा बरोबरच होता. चुकत होतं ते पुढचं.

पुढची पायरी म्हणजे त्या रंगातला अंधार काढून टाकणं. सगळ्यांत मोठा आकडा २५५ व्हावा म्हणून तिन्ही आकड्यांना एकाच पटीने गुणायचं. ९२ चे २५५ करायला सुमारे २.७७ ने गुणावं लागतं, त्यामुळे आकडे २५५, १६१, १०५ होतात. पडद्यावर हा रंग फिकट जर्दाळूसारखा दिसतो. लाकडाचा अंधार गेला, रंगाची जात तीच राहिली. मग कीबोर्डसाठी उतरवणं: प्रत्येक आकड्याला २५५ ने भागायचं, आलेल्या अपूर्णांकाचा २.२ वा घात करायचा आणि पुन्हा २५५ ने गुणायचं. फोनमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण सापडतं. १६१ चे ९० च्या आसपास होतात, १०५ चे ३६. म्हणजे २५५, ९०, ३६. हा आकडा दिल्यावर कळांवर पहिल्यांदा लाकडाच्या नात्यातला रंग आला, पण किंचित गुलाबी. निळी एलईडी जोरात असल्याची ती खूण. निळा २० वर आणि हिरवा ८० वर आणल्यावर अंबर स्थिर झाला.

हे डोळ्याने ठरवताना कळांवरची अक्षरं बघत बसू नका. अक्षरं बारीक, भोवती काळं, त्यात रंगाचा अंदाज फसतो. कीबोर्डवर बटर पेपर किंवा पातळ पांढरा कागद अंथरा आणि खोलीतले बाकीचे दिवे मंद करा. कागदावर रंगाचे मोठे डाग उमटतात आणि भागांच्या सीमाही दिसतात. मग कागदाची एक कड टेबलाच्या लाकडावर येऊ द्या आणि दिवा लावून दोन्ही एका नजरेत बघा. फोटो काढून तपासू नका. एलईडीचे रंग अरुंद पट्ट्यांतले असतात, कॅमेऱ्याला ते डोळ्यापेक्षा वेगळे दिसतात. जांभळा फोटोत निळा होतो, नारिंगी पिवळा होतो. समोरासमोर बिघडलेला रंग फोटोत सुरेख दिसणं आणि त्याच्या उलट होणं दोन्ही सर्रास घडतं.

लाकूड झालं. पडद्याचा मोरपंखी फोटोत २०, ९५, १०० आला. अंधार काढला की तो ५१, २४२, २५५ होतो. कीबोर्डसाठी उतरवला की निळा पूर्ण २५५ राहतो, हिरवा २२६ च्या आसपास येतो आणि लाल जवळजवळ नाहीसा होतो. पण हा रंग पूर्ण जोरात लावला तर मोरपंखीची गंमतच जाते. तो आकाशी होतो, पोहण्याच्या तलावासारखा. गडदपणा हाच ज्या रंगाचा जीव आहे तो पूर्ण उजेडात दाखवायचा नसतो. म्हणून सगळे आकडे चाळीस टक्क्यांवर आणले, हिरवा आणखी थोडा कमी केला आणि ०, ७५, १०० वर थांबलो. पितळेचा रंग १७६, १३६, ७० होता, तो त्याच वाटेने २५५, १४५, ३३ झाला आणि कीबोर्डवर हिरवट वाटला म्हणून हिरवा ११५ पर्यंत खाली आणला. नारिंगी-पिवळ्या पट्ट्यात हिरव्याचे पाच-दहा आकडे खूप फरक करतात. इथे घाई करू नये.

तीन रंग हाताशी आले आणि भाग चार. ते वाटायचे कसे? भाचीने आधी पडदा डावीकडे म्हणून डावा भाग मोरपंखी, मग अंबर, मग पितळी आणि शेवटी पुन्हा मोरपंखी असं मांडलं. कागदावर ते नीटनेटकं वाटतं. कीबोर्डवर दोन गोष्टी बिघडल्या. मोरपंखी आणि अंबर जिथे भेटत होते तिथल्या दोन-तीन कळा मळकट पांढऱ्या झाल्या. प्रकाशात समोरासमोरचे रंग मिसळले की पांढऱ्याकडे जातात. भागांची सीमा कळांच्या मधून कापलेली नसते, शेजारचा उजेड प्लास्टिकखालून सांडतो, म्हणून हे मिश्रण टाळता येत नाही. दुसरं म्हणजे चार भागांत तीन रंग सारख्या जोरात आल्याने नजर कुठे ठरेना.

साडीत अंग एका रंगाचं, काठ त्याच्या नात्यातला आणि पदर वेगळा असतो, तसं प्रमाण इथे ठेवलं की काम होतं. शेजारच्या भागांचे रंग जवळचे असावेत. रंगचक्राच्या ३६० अंशांवर मोजायचं तर दोघांत तीसेक अंशांपेक्षा जास्त अंतर नको. अंबर साधारण २२ अंशांवर बसतो, पितळी ३७ वर. ते सुखाने शेजारी राहतात आणि त्यांच्या सीमेवर डाग पडत नाही. मोरपंखी १८० च्या पलीकडे, म्हणजे थेट समोर. त्याला एकच सीमा मिळेल अशी जागा द्यायची आणि ती कीबोर्डच्या टोकाला असते. म्हणून डावे दोन भाग अंबर, तिसरा पितळीकडे झुकलेला आणि आकड्यांच्या कळांचा शेवटचा भाग मोरपंखी. आकड्यांच्या कळा बाकीच्यांपासून थोड्या अंतरावर असतात, त्यामुळे सीमेवरचा सांडलेला उजेड त्या फटीत जातो. तिचं कामही आकड्यांचं, त्यामुळे वेगळा रंग जिथे हात सतत जातो तिथेच आला. पडदा डावीकडे आणि मोरपंखी उजवीकडे याने काही बिघडत नाही. उलट तोच रंग टेबलाच्या दोन टोकांना दिसल्याने मधलं लाकूड त्यांच्यात धरल्यासारखं वाटतं.

सगळ्याच लॅपटॉपचे चार भाग उभे नसतात. एचपीच्या ओमेन मालिकेतल्या काही लॅपटॉपवर डावा, मधला, उजवा आणि चौथा फक्त डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांचा असतो, कारण खेळणाऱ्यांची बोटं तिथे असतात. तिथे वेगळा रंग त्या चार कळांना दिला की चारही बाजूंनी सीमा येते आणि सांडलेला उजेड भोवतीच्या कळा मळवतो. अशा कीबोर्डवर त्या चार कळांना समोरचा रंग देऊ नये. त्यांना आजूबाजूचाच रंग द्या, फक्त जास्त उजळ. प्रत्येक कळेला स्वतंत्र रंग देता येणारे कीबोर्ड महाग असतात. तिथे मोकळीक जास्त आहे, पण दहा रंग वापरण्याचा मोहही तिथेच होतो.

रंग जुळूनही भाग विजोड वाटले तर दोष उजेडाचा असतो. डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ दिसतो, लाल त्याहून कमी आणि निळा सर्वांत मंद. पडद्यांसाठी ठरलेल्या मापाने पांढऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा ७ टक्के असतो. म्हणजे २५५ चा हिरवा २५५ च्या निळ्यापेक्षा दहापट उजळ. कीबोर्डच्या एलईडी थोड्या वेगळ्या असतात, पण दिशा हीच. एक भाग पोपटी आणि एक गडद निळा असं सारख्या आकड्यांनी मांडलं तर पोपटी ओरडतो आणि निळा बुडतो. भाचीच्या मांडणीत हा हिशेब आपोआप सांभाळला गेला. या वाट्यांनी मोजलं तर अंबर भागाचा उजेड सुमारे ११० येतो आणि मोरपंखीचा साधारण ६०. वेगळा रंग निम्म्या उजेडाचा असल्याने तो दिसतो, पण नजर ओढून धरत नाही. निळ्याविषयी आणखी एक गोष्ट. शुद्ध निळ्या उजेडातली बारीक अक्षरं डोळ्याला नीट टिपता येत नाहीत, त्यांच्या कडा पसरल्यासारख्या वाटतात. कळा बघून टाइप करणाऱ्याने निळ्यात थोडा हिरवा मिसळावाच.

कीबोर्ड लॅपटॉपचा नसून वेगळा असेल तर कळांच्या टोप्याही हिशेबात घ्याव्या लागतात. ज्या टोप्यांवरची अक्षरं आरपार असतात तिथे उजेड अक्षरातून येतो. ज्यांची अक्षरं छापलेली किंवा रंगवून मुरवलेली असतात तिथे तो फक्त टोप्यांच्या फटींतून येतो आणि खालच्या पत्र्यावर पसरतो. पत्रा पांढरा असेल तर उजेड मऊ आणि भरपूर, काळा असेल तर निम्मा गिळला जातो. अशा कीबोर्डवर टोप्यांचा रंग हाच टेबलाचा मुख्य रंग धरावा आणि उजेड त्याच्या कडेला ठेवावा. अबोली किंवा दुधी टोप्यांखाली गडद निळा लावला की फटींतून आलेला निळा टोप्यांच्या कडा मळकट करतो.

आता हलत्या उजेडाविषयी. बरेचसे चलत परिणाम रंगचक्रावर फिरतात आणि जुळवलेली मांडणी बिघडते ती इथे. धावतं इंद्रधनुष्य पूर्ण ३६० अंश फिरतं हे उघडच आहे. पण 'दोन रंगांत हळूहळू बदल' म्हणून जे मिळतं तेही फसवं असतं. अंबर २२ अंशांवर आणि मोरपंखी १८३ वर. सॉफ्टवेअर चक्रावरून एकापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेलं तर वाटेत लिंबू पिवळा, पोपटी आणि गर्द हिरवा लागतात. टेबलावर यातलं काहीच नाही. काही सॉफ्टवेअर चक्रावरून न जाता आकडे सरळ मिसळतात. तेव्हा हिरवा लागत नाही, पण मध्यावर गुलाबीसर पांढरा येतो. दोन्ही प्रकार नकोसे वाटत असतील तर बदल अंधारातून न्यायचा: पहिला रंग मंद होत विझेल आणि मग दुसरा उजळेल. ज्यांना सतत चलन हवंच आहे त्यांनी ते चक्राच्या वीस-पंचवीस अंशांत ठेवावं. अंबरपासून पितळीपर्यंत आणि परत, एवढीच फेरी. निखाऱ्याच्या रंगासारखी ती लाकडावर शोभते.

चार भागांच्या कीबोर्डवर लाट कधीच चांगली दिसत नाही. लाटेला बारीक पायऱ्या लागतात. इथे चारच मोठे ठोकळे आहेत, त्यामुळे रंग सरकत नाही, उड्या मारतो. त्यापेक्षा श्वासासारखा मंद-उजळ होणारा परिणाम घ्यावा. त्यातही दोन गोष्टी बघाव्यात. एका फेरीला चार ते सहा सेकंद लागू द्या, कारण कीबोर्ड नजरेच्या खालच्या कडेला असतो आणि कडेच्या नजरेला हालचाल फार लवकर जाणवते. जलद फेरी वाचताना सतत डोळा खेचते. आणि मंद होताना उजेड पूर्ण शून्यावर जाऊ देऊ नका, तळ तीस टक्क्यांवर ठेवा, नाहीतर दर फेरीला अक्षरं गायब होतील. सॉफ्टवेअर तळ ठेवू देत नसेल तर हा परिणाम सोडून स्थिर रंग लावलेला बरा. लखलखणारे परिणाम घरात लावूच नयेत. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारा उजेड काहींना झटक्यापर्यंत नेऊ शकतो, म्हणून वेबसाइटसाठीच्या सुगम्यतेच्या नियमांतही तीच मर्यादा घातलेली आहे.

रात्रीसाठी दुसरी मांडणी वेगळी जतन करावी, फक्त उजेड कमी करून भागत नाही. अंबरचे २५५, ८०, २० दहा टक्क्यांवर आणले की २५, ८, २ होतात. निळ्याला आता दोनच पायऱ्या उरल्या, एक खाली आली की रंग लालसर होतो आणि एक वर गेली की गुलाबी. मोरपंखीत हिरवा ७ आणि निळा १० उरतात, तिथेही तेच. अगदी मंद उजेडात रंग आपोआप सरकतो तो यामुळे. उपाय सोपा आहे: रात्रीच्या मांडणीत मिश्रण कमी करायचं. अंबरमधला निळा शून्य करायचा, पितळी वगळायचा आणि मोरपंखीचा भाग एकतर विझवायचा किंवा बाकीच्यांसारखाच अंबर करायचा. भाचीने विझवला. लॅम्पच्या पिवळ्या उजेडात मोरपंखी पडदा स्वतःच काळसर दिसतो, त्यामुळे कीबोर्डवरच्या त्या रंगाला रात्री जोडीदारच उरत नाही.

यंत्राच्या बाजूने दोनच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. २०२३ पासून विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या Personalization या भागात Dynamic Lighting नावाची सोय आहे. ज्या कीबोर्ड आणि माउसमध्ये तिचा आधार आहे त्यांचे रंग तिथून एकत्र हलवता येतात. त्यात विंडोजचा मुख्य रंग कीबोर्डला लावण्याचा पर्यायही आहे आणि विंडोज तो रंग भिंतचित्रातून उचलू शकतो. सोय मोहक आहे, पण पडद्याचा आकडा कीबोर्डला न उतरवता देण्याची चूक इथे आपोआप होते. सरळ हिशेबाच्या कीबोर्डवर ती वापरू नका. दुसरं म्हणजे तुमचे रंग लावल्यावर क्षणभरात पुन्हा जुने परत येत असतील तर कीबोर्ड बिघडलेला नाही, दोन सॉफ्टवेअर त्याच्यावर हक्क सांगत आहेत. विंडोजची ही सोय आणि कंपनीचं सॉफ्टवेअर यांतलं एक बंद करा. लॅपटॉप सुरू होताना काही क्षण इंद्रधनुष्य दिसत असेल तर रंग कीबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत जतन झालेले नाहीत, सॉफ्टवेअर जागं होईपर्यंत ते वाट बघतात. काही कीबोर्डवर ते आत साठवण्याचं वेगळं बटण असतं, काहींवर ती सोयच नसते.

माउस, टेबलाच्या मागची एलईडी पट्टी आणि कीबोर्ड एकाच आकड्यावर ठेवून एकसारखे दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये. प्रत्येकातली एलईडी वेगळी, वर बसलेलं प्लास्टिक वेगळं. आधी ज्याचा रंग सर्वांत कमी हलवता येतो त्याचा रंग ठरवा, बहुधा ती स्वस्त पट्टी असते. मग कीबोर्ड आणि माउस डोळ्याने तिच्याकडे सरकवा. पट्टी उघडी दिसत असेल तर ती टेबलाच्या मागच्या कडेखाली, भिंतीकडे तोंड करून चिकटवा, म्हणजे तिचा ठिपक्याठिपक्यांचा उजेड भिंतीवर पसरून एकसंध होतो.

शेवटचे आकडे ठरले की ते एका कागदावर लिहून टेबलाच्या खणात ठेवा: कोणता भाग, कोणते तीन आकडे, उजेड किती टक्के, दिवसाची मांडणी वेगळी आणि रात्रीची वेगळी. कंपनीचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीत जतन केलेल्या मांडण्या कधीकधी पुसून टाकतं. दिवा बदलला, भिंतीला नवा रंग लागला, तरी सगळं नव्याने मोजावं लागत नाही. जुन्या आकड्यांपासून सुरुवात करून हिरवा आणि निळा थोडेथोडे हलवले की काम होतं.